आघाडी चार टक्क्यांची, चूक नऊची: एक्झिट पोलची बातमी कशी वाचायची आणि कशी लिहायची

7 मे 2024 ला कोल्हापूर आणि हातकणंगले या शेजारच्या दोन लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झालं. निकाल लागला तेव्हा कोल्हापुरात शाहू छत्रपती हे संजय मंडलिकांच्या 1,54,964 मतांनी पुढे होते. हातकणंगल्यात धैर्यशील माने सत्यजित पाटील-सरूडकरांच्या पुढे होते फक्त 13,426 मतांनी. दोन्हीकडे पडलेली मतं साधारण 13 ते 14 लाख. म्हणजे एकीकडे फरक 11 टक्क्यांचा आणि दुसरीकडे जेमतेम एक टक्क्याचा.

आता समजा, त्या दिवशी एखाद्या संस्थेनं दोन्ही मतदारसंघांत मत देऊन बाहेर पडणाऱ्या 400-400 लोकांना विचारलं असतं. विचारणारी माणसं तीच, प्रश्न तोच, पद्धत तीच. तरी कोल्हापूरच्या आकड्यांवरून बातमी झाली असती आणि हातकणंगल्याच्या आकड्यांवरून काहीच सांगता आलं नसतं. पण छापून दोन्ही आले असते, सारख्याच आकाराच्या अक्षरांत. सर्वेक्षणांच्या बातम्या चुकतात त्या बहुतेक इथेच.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. मतदानाआधी ‘कुणाला मत देणार’ असं विचारतात तो ओपिनियन पोल. मत देऊन झाल्यावर ‘कुणाला दिलं’ असं विचारतात तो एक्झिट पोल. ज्या थोड्या लोकांना विचारलं, त्यांना म्हणायचं नमुना.

13 लाखांत 400 म्हणजे दर्या मे खसखस नाही का?

ही शंका सगळ्यात आधी येते, आणि ती चुकीची आहे. चार माणसांचा तांबडा रस्सा असो की लग्नातल्या हजार पानांचा, आचारी चव बघतो ती एकाच पळीनं. पातेलं मोठं म्हणून पळी मोठी लागत नाही. अट एवढीच की पळी मारण्याआधी रस्सा तळापासून ढवळलेला पाहिजे. वरवर मारली तर पळीत नुसता कट येणार आणि आचारी म्हणणार, तिखट जास्त झालंय.

नमुन्याचंही तसंच. मतदार 13 लाख आहेत की 9 कोटी यानं जवळजवळ काही फरक पडत नाही. फरक पडतो तो किती जणांना विचारलं यानं, आणि त्याहून जास्त ते कसे निवडले यानं. प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल, तर 400 जणांवरूनही पक्षाच्या मतांचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

बऱ्यापैकी म्हणजे किती, हे सांगणारा आकडा म्हणजे चुकीची मर्यादा, म्हणजेच मार्जिन ऑफ एरर. कागदावर ती काढायची सोपी युक्ती आहे: 100 ला नमुन्याच्या वर्गमुळानं भागायचं. 400 चं वर्गमूळ 20, म्हणून मर्यादा साधारण 5 टक्के. 2,500 चं वर्गमूळ 50, म्हणून 2 टक्के. 400 जणांच्या पाहणीत एखाद्याला 40 टक्के मतं दिसली, तर खरा आकडा 35 ते 45 च्या मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के. उरलेल्या पाच टक्क्यांत तो या पट्ट्याच्याही बाहेर असतो. सगळं नियमात केलं तरी वीसातलं एखादं सर्वेक्षण असं बाहेर जाणारच.

मर्यादा 5 टक्के, आघाडी 6 टक्के, म्हणजे पुढे ना?

नाही. रोज छापली जाणारी चूक हीच. ती 5 टक्क्यांची मर्यादा एका उमेदवाराच्या आकड्याची असते. आघाडी हा दोन आकड्यांमधला फरक असतो, आणि ते दोन आकडे एकमेकांना बांधलेले असतात. योगायोगानं नमुन्यात एकाचे चार मतदार जास्त आले, तर बहुधा दुसऱ्याचे कमी येतात. त्यामुळे फरकातली चूक वाढून जवळजवळ दुप्पट होते.

हातकणंगल्याचेच आकडे घेऊ. मानेंना साधारण 40 टक्के मतं होती, सरूडकरांना 39 आणि राजू शेट्टींना 14. अशा तिरंगी लढतीत 400 च्या नमुन्यावर पहिल्या दोघांच्या फरकाची मर्यादा येते सुमारे 9 टक्के. म्हणजे पाहणीत कुणी 4 टक्क्यांनी पुढे दिसला, तर खरं चित्र तो 13 नं पुढे असण्यापासून 5 नं मागे असण्यापर्यंत काहीही असू शकतं.

हेच दुसऱ्या बाजूनं मोजता येतं. खरा फरक एक टक्क्याचा असताना 400 जणांची चोख पाहणी शंभर वेळा केली, तर साधारण चाळीस वेळा हरलेला उमेदवारच पुढे दिसेल. नाणं उडवलं तर पन्नास वेळा चुकतं. एवढ्या खर्चानंतर आपण नाण्यापेक्षा दहा पावलं पुढे. कोल्हापुरात मात्र खरा फरक 11 टक्क्यांचा होता, त्यामुळे तिथे चुकीचा विजेता दिसला असता तो शंभरात एखाद्याच वेळी.

‘मग अटीतटीची लढत असं लिहू’, असं यावर संपादकीय टेबलावरून हमखास म्हटलं जातं. तेही चालणार नाही. लढत अटीतटीची आहे हाही एक दावाच झाला. अधिक 13 ते उणे 5 या पट्ट्यात एकतर्फी निकालही बसतो. एवढ्या नमुन्यावरून कोण पुढे आहे हे सांगता येत नाही, इतकंच खरं वाक्य आहे. ते मथळ्यात बसत नाही ही अडचण मान्य, पण ती मथळ्याची अडचण झाली.

‘गेल्या महिन्यात 42 टक्के, आता 39, लोकप्रियतेला ओहोटी’ ही बातमीही याच जातीची. दोन्ही पाहण्या हजार-हजार लोकांच्या असतील, तर त्या दोन आकड्यांच्या फरकाची मर्यादा चार टक्क्यांच्या वर जाते. तीन टक्क्यांची ओहोटी नुसत्या योगायोगातून दिसू शकते.

मग जास्त लोकांना विचारा की!

एक टक्क्याची आघाडी खात्रीनं ओळखायची, तर एकट्या हातकणंगल्यात सुमारे 30,000 लोकांना विचारावं लागलं असतं. कारण चूक वर्गमुळाच्या हिशोबानं कमी होते. नमुना चौपट केला, म्हणजे 400 चे 1,600 केले, तर मर्यादा फक्त अर्धी होते. खर्च मात्र चौपटच होतो.

आणि हा सगळा हिशोब प्रत्येक मतदार सुटा सुटा, चिठ्ठी टाकून निवडला असं धरून आहे. प्रत्यक्षात तसं कुणीच करत नाही. संस्था 20 मतदान केंद्रं निवडते आणि प्रत्येक केंद्राबाहेर 20 जणांना विचारते, की झाले 400. आता हातकणंगले मतदारसंघ डोळ्यांसमोर आणा. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे कोल्हापूर जिल्ह्यातले चार विधानसभा मतदारसंघ, शिवाय सांगलीकडचे इस्लामपूर आणि शिराळा. सरूडकर शाहूवाडीचे माजी आमदार, शेट्टी शिरोळचे, माने रुकडीचे. सरूडच्या एका केंद्राबाहेर 20 जणांना विचारलं तर वीस वेगळ्या गोष्टी कळत नाहीत. एकाच गोष्टीची पाच-सात वेळा खात्री पटते. गावात मत बऱ्याचदा गटानं जातं, हे इथं कुणाला सांगायला नको.

एका केंद्रावरच्या लोकांचं मत थोडंसं जरी एकमेकांसारखं असलं, तरी 20 गुणिले 20 चा नमुना प्रत्यक्षात 200 सुट्या लोकांइतकाच कामाचा उरतो. म्हणजे 9 टक्क्यांची मर्यादा 12 वर जाते. आणि मग कोल्हापूरचा 11 टक्क्यांचा फरकसुद्धा धूसर होतो. बातमीत छापलेली ‘अधिक-उणे 5’ ही मर्यादा बऱ्याचदा हा भाग सोडून, नुसत्या वर्गमुळानं काढलेली असते. म्हणून संस्थेला विचारायचा नेमका प्रश्न असा: किती केंद्रांवर गेलात? 400 लोक 20 केंद्रांवरचे असण्यापेक्षा 80 केंद्रांवरचे असणं कितीतरी चांगलं. केंद्रांची संख्या सांगायला संस्था का-कू करत असेल, तर तेवढ्यावरून बरंच कळतं.

मोठ्या आकड्याचा मोह उलटा कसा फिरतो याचं जुनं उदाहरण 1936 चं आहे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकानं सुमारे एक कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या. 24 लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांवरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन हे उमेदवार जिंकणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून पत्ते घेतले होते, आणि ज्यांना आवर्जून उत्तर द्यायचं होतं त्यांनीच ते दिलं होतं. आज एखाद्या यूट्यूब चॅनेलवर ‘50 हजार लोकांनी दिला कौल’ असं फिरतं तेव्हा तीच गोष्ट घडत असते. ज्याच्या कार्यकर्त्यांनी लिंक जास्त ग्रुपवर टाकली तो जिंकतो. अशा कौलाला चुकीची मर्यादा नसतेच, कारण तिथं कुणी नमुना निवडलेलाच नसतो.

एक्झिट पोलमध्ये तर मत देऊन आलेल्यालाच विचारतात

हो, आणि तो मोठा फायदा आहे. ओपिनियन पोलमधला ‘बघू, अजून ठरवलं नाही’ वाला माणूस इथं नसतो, आणि मतदानाला न जाणाराही नसतो. पण एक नवी भानगड उभी राहते.

नियमानं विचारायचं तर केंद्रातून बाहेर पडणारा, समजा, प्रत्येक दहावा माणूस थांबवायचा. त्याच्या हातात चिन्हं छापलेला कागद द्यायचा, त्यानं खूण करून घडी घालून पेटीत टाकायचा. तोंडी विचारण्यापेक्षा हे बरं, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. आता दहावा मतदार म्हणून एक म्हातारी आली, ‘मला न्हाई समजत’ म्हणून पुढे गेली. विचारणारा मुलगा सकाळपासून उन्हात उभा आहे आणि त्याला संध्याकाळपर्यंत वीस कागद भरायचे आहेत. तो अकराव्याला थांबवतो, आणि तो असतो हसतमुख, बोलका, पांढऱ्या शर्टातला कार्यकर्ता. कागद भरला. पण नमुना बिघडला.

2019 ला ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा कोल्हापूरनं सगळ्या राज्याला दिली. केंद्राबाहेर विचारलं तर आजही पुष्कळ जण एवढंच सांगून निघून जातात. काय ठरलंय ते सांगत नाहीत. न सांगणारे सगळ्याच पक्षांत सारख्या प्रमाणात असते तर काही बिघडत नव्हतं. पण ज्या बाजूला भीती किंवा संकोच जास्त, त्या बाजूचे लोक जास्त गप्प राहतात, आणि ही चूक वर्गमुळाच्या हिशोबात कुठेच दिसत नाही. अधिक-उणेचा आकडा फक्त योगायोगाची चूक सांगतो. चुकीची माणसं निवडली, माणसं बोलली नाहीत, खोटं बोलली, यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं. म्हणून खरी चूक छापलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असणार असं धरूनच चालावं.

आणि सगळ्या संस्थांनी एकच सांगितलं म्हणून ते खरं, असंही होत नाही. 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक मोठ्या वाहिन्यांच्या पोलनी एनडीएला 350 च्या वर जागा दिल्या. 4 जूनला मिळाल्या 293. चूक नुसती योगायोगाची असती, तर काही संस्था खऱ्या आकड्याच्या वर आणि काही खाली गेल्या असत्या. जवळपास सगळ्या एकाच बाजूला चुकतात तेव्हा कारण सामाईक असतं: एकाच प्रकारची माणसं सगळ्यांच्याच नमुन्यातून सुटली, किंवा दुसऱ्याचा आकडा बघून आपला थोडा जुळवून घेतला गेला. ‘महापोल’ म्हणून या सगळ्यांची सरासरी काढली तर सामाईक चूक तशीच उरते, आकडा फक्त जास्त भारदस्त दिसतो.

टक्के ठीक, पण जागा कुठून येतात?

लोकांना केंद्राबाहेर पक्ष विचारला जातो, जागा विचारल्या जात नाहीत. राज्यात 10,000 लोकांना विचारलं, तर 48 मतदारसंघांत प्रत्येकी साधारण 200 येतात. त्यावरून एका मतदारसंघात एका पक्षाचीच मर्यादा 7 टक्के होते, फरकाची विचारूच नका. म्हणून संस्था सहसा एकेक जागा मोजत नाहीत. राज्याचे किंवा विभागाचे टक्के काढतात, गेल्या निवडणुकीपेक्षा मतं किती सरकली ते बघतात आणि जुन्या निकालावर तेवढा बदल लावून जागा सांगतात.

महाराष्ट्रात 2024 ला हा जुना निकालच हरवला होता. 2019 ला माने हातकणंगल्यात जिंकले ते अखंड शिवसेनेचे उमेदवार म्हणून, राजू शेट्टींविरुद्ध. पाच वर्षांनी ते शिंदेंच्या शिवसेनेतून उभे राहिले आणि समोर ठाकरेंची शिवसेना होती. राष्ट्रवादीचेही दोन भाग झालेले. मग मतं सरकली ती कशापासून मोजायची? इथं आकडेमोडीपेक्षा संस्थेचा अंदाजच जास्त चालतो, आणि तो अंदाज बातमीत कुठे दिसत नाही.

शिवाय टक्के आणि जागा एका चालीनं चालत नाहीत. त्या लोकसभेत राज्यभर मविआ आणि महायुतीच्या मतांतला फरक एक टक्क्याहूनही कमी होता. जागा मात्र मविआला 30 आणि महायुतीला 17, एक अपक्ष. म्हणजे एखाद्या संस्थेचे टक्के अगदी अचूक आले असते तरी तिच्या जागा सपशेल चुकू शकल्या असत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेत उलटं झालं. बहुतेक पोलनी महायुती पुढे दाखवली, ती पुढे होतीही. पण 288 पैकी 230 च्या वर जागा जातील हे बहुतेकांच्या पट्ट्यात नव्हतं. विजेता बरोबर सांगितला म्हणून दुसऱ्या दिवशी पाठ थोपटून घेणाऱ्यांनी आपला आकडा किती चुकला हेही त्याच जाहिरातीत छापायला हवं होतं.

यातून बातमी लिहिणाऱ्यासाठी एक साधी गोष्ट निघते. टक्क्यांची अधिक-उणे मर्यादा जागांना चिकटवायची नाही. ‘350 जागा, अधिक-उणे 3 टक्के’ या वाक्याला काही अर्थ नाही. आणि संस्थेनं 353 ते 383 असा पट्टा दिला असेल, तर मधला 368 घेऊन मथळा करायचा नाही.

मग बातमी लिहायची कशी?

समजा हाती आलेलं पत्रक म्हणतं: अमुक 41 टक्के, तमुक 37 टक्के, नमुना 400. पहिल्या आवेशात मथळा होतो, ‘अमुकांची मुसंडी, चार टक्क्यांची आघाडी’. त्याऐवजी असं लिहिता येतं:

‘400 मतदारांच्या पाहणीत अमुकांना 41, तमुकांना 37 टक्के, एवढ्या नमुन्यावरून आघाडी स्पष्ट नाही.’

आणि खाली पहिल्याच परिच्छेदात: पाहणी कुणी केली, पैसे कुणी दिले, कोणत्या तारखांना केली, फोनवर की समोरासमोर, किती केंद्रांवर, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. यातलं बरंचसं मागणारी मार्गदर्शक तत्त्वं भारतीय प्रेस कौन्सिलनं कधीच घालून दिलेली आहेत: पाहणी करणारी आणि करवून घेणारी संस्था, नमुन्याचा आकार आणि स्वरूप, तो निवडायची पद्धत, संभाव्य चूक. हे शेवटच्या ओळीत बारीक टायपात टाकायचं नसतं, ठळकपणे आधी द्यायचं असतं. पैसे कुणी दिले याचं उत्तर एखादा उमेदवार असेल, तर ती पाहणी छापण्याआधी दहादा विचार करावा. कारण त्यानं करवून घेतलेल्या पाच पाहण्यांपैकी फक्त सोयीची तेवढी आपल्या टेबलावर आलेली असू शकते.

एकूण नमुन्याच्या आत शिरून ‘इचलकरंजीतल्या तरुण महिला कुणाकडे’ असले तुकडेही पाडू नयेत. 400 मध्ये अशा बायका पंधरा-वीस निघतील. 20 जणींच्या उत्तरांची मर्यादा 22 टक्के येते.

राहता राहिला कायदा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126अ नुसार पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपल्यावर अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल घेता येत नाही आणि त्याचे निष्कर्ष छापता, दाखवता किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गानं पसरवता येत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे 7 मे ला मतदान झालं, पण देशातला शेवटचा टप्पा 1 जूनला होता. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी साडेसहापर्यंत, तीन आठवड्यांहून जास्त, हातकणंगल्याचा कुठलाही एक्झिट पोल जाहीर करणं गुन्हा होता. चौकात बसून ‘घासून हाय, पण आपलाच येतोय’ म्हणायला बंदी नव्हती. पण ‘आतल्या गोटातून आलेला एक्झिट पोल’ म्हणून आकड्यांचा तक्ता ग्रुपवर टाकणाऱ्यानं हे कलम एकदा वाचून घ्यावं. ते वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांपुरतं लिहिलेलं नाही.